‘कान लागतो’: रेकॉर्डिंगमधून व्यक्तिचित्र लिहिताना

छोट्या दुकानदाराशी पाऊण तास बोलणे झाले, की साधारण पाच हजार शब्द फोनमध्ये साठतात. मासिकाच्या एका पानावर मावणारे व्यक्तिचित्र सहाशे शब्दांचे असते आणि त्यात दुकानदाराचे स्वतःचे शब्द फार तर दीडशे. म्हणजे बोललेल्या दर शंभर शब्दांतले तीन छापले जातात आणि सत्त्याण्णव गळतात. गाळण्याला इलाज नाही. प्रश्न असतो तो उरलेल्या तिनांचा. ते खरोखर त्याच्या तोंडचे आहेत का, आणि ज्या अर्थाने तो ते बोलला त्याच अर्थाने कागदावर उतरले आहेत का?

मराठी मासिकांत या कामाला एक जुना शेजारी आहे, शब्दांकन. त्यात दुकानदार ‘मी’ म्हणून बोलतो, वाक्ये लेखक रचतो आणि लेखाच्या शेवटी ‘शब्दांकन’ म्हणून लेखकाचे नाव येते. ते नाव वाचले की भाषा दुसऱ्या कोणीतरी बसवलेली आहे, हे वाचकाला कळते. व्यक्तिचित्राची रीत वेगळी. तिथे निवेदन लेखकाचे असते आणि मधूनमधून अवतरणचिन्ह उघडते. ते उघडले, की आता दुकानदाराचाच आवाज ऐकू येतो आहे, असे वाचक धरून चालतो. शब्दांकनात हात बसलेला लेखक व्यक्तिचित्र लिहू लागला, की नेमका इथे घसरतो. अवतरणचिन्हांच्या आतही तो वाक्ये ‘बसवू’ लागतो.

पुढचे विवेचन एका उदाहरणाच्या आधाराने केले आहे. पुणे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई आणि तासाच्या भाड्याने सायकली देणारी दुकाने तिथे ठिकठिकाणी होती. पेठेतले असेच एक दुकान कल्पावे. भाड्याच्या सायकली केव्हाच गेल्या आहेत आणि आता फक्त दुरुस्ती चालते. मालक 68 वर्षांचे, गिऱ्हाईके त्यांना काका म्हणतात. मुलाखत 2024 मधली, दुकानातच बसून घेतलेली, 42 मिनिटांची. शेजारी हवा भरायचा कॉम्प्रेसर, समोर रहदारी. दुकान आणि काका दोन्ही कल्पित आहेत. त्यांच्या बोलण्यातून उभ्या राहणाऱ्या अडचणी मात्र अशा कामात रोज भेटतात.

आधी ऐकणे, मग उतरवणे

रेकॉर्डिंग शक्यतो त्याच दिवशी ऐकावे, कारण दुकानातले दृश्य तोवर डोळ्यांसमोर असते. काका कशाकडे बोट दाखवून “हे असलं” म्हणाले, हे दुसऱ्या दिवशीपर्यंत आठवते. आठवड्याने आठवत नाही आणि रेकॉर्डिंगमध्ये तर ते नसतेच. पहिल्या फेरीत काही उतरवायचे नाही. वही घेऊन मिनिटे आणि विषय एवढेच टिपत जायचे: 09:40 भाड्याचा धंदा, 14:20 दुकानाची सुरुवात, 27:05 चाकाचे काम, 33:10 मुलगा. अशी पंधरा-वीस ओळींची यादी झाली, की पुढे हवी ती जागा शोधताना पूर्ण 42 मिनिटे पुन्हा ऐकावी लागत नाहीत.

दुसऱ्या फेरीत उतरवून काढायचे. शांत खोलीतले स्पष्ट बोलणे असेल, तर रेकॉर्डिंगच्या चौपट वेळ लागतो. कॉम्प्रेसर आणि रहदारी असेल, तर पाच-सहा पट धरावा. या उदाहरणात साडेतीन ते चार तास. सगळेच शब्दशः उतरवले पाहिजे असे नाही. मध्ये एक गिऱ्हाईक येऊन ट्यूबचा भाव करून गेले असेल, तर तिथे “गिऱ्हाईक, दोन मिनिटे” एवढे लिहून पुढे जाता येते. पण ज्या भागातून काकांचे शब्द उचलले जाण्याची शक्यता आहे, तो भाग मात्र अडखळण्यांसकट आणि विचारलेल्या प्रश्नांसकट उतरवावा.

प्रश्न उतरवायचा कंटाळा पुष्कळांना असतो. त्याची किंमत कुठे मोजावी लागते ते पाहण्यासारखे आहे. पुण्यात 2017 च्या सुमारास अ‍ॅपवर भाड्याने मिळणाऱ्या सायकली आल्या. मुलाखतीत विचारले गेले, “काका, त्या अ‍ॅपवाल्या सायकली आल्या तेव्हा वाईट वाटलं असेल ना?” काका म्हणाले, “हो, वाटलं की.” उताऱ्यात प्रश्न नसेल, तर महिन्याभराने लिहिताना हात सहज पुढे सरकतो आणि छापले जाते: “अ‍ॅपवाल्या सायकली आल्या तेव्हा मला वाईट वाटलं.” यातले ‘वाटलं’ एवढेच काकांचे आहे. वाईट वाटल्याची कल्पना विचारणाऱ्याची होती. काकांनी भिडेखातर होकार भरला, असेही असू शकते. होकारार्थी उत्तराचे वाक्य बनवून ते दुकानदाराच्या तोंडी घालणे ही या कामातली सर्वांत सोपी आणि सर्वांत नकळत होणारी लबाडी आहे.

27:05 पाशी आणखी एक अडचण येते. काका चाक फिरवत काही सांगत आहेत आणि त्याच वेळी कॉम्प्रेसर सुरू होतो. पहिल्यांदा ऐकताना कानावर येते: “चाक आउट काढायला मशीन नाही लागत, काम लागतो.” वाक्याला अर्थ आहेसा वाटतो: मशीन नको, मेहनत हवी. पण ‘काम लागतो’ असे मराठी माणूस म्हणत नाही. काम नपुंसकलिंगी, ते ‘लागतं’. क्रियापदाचे पुल्लिंगी रूप ऐकणाऱ्याला सावध करते. हेडफोन लावून तोच तुकडा चार वेळा ऐकल्यावर शब्द स्पष्ट होतो: “कान लागतो.” पुढचे वाक्य त्याला दुजोराही देते, “स्पोकवर टिचकी मारायची, आवाज सांगतो ढिली कुठली.” ताणलेल्या स्पोकचा आवाज उंच येतो आणि ढिल्याचा खाली, तंबोऱ्याच्या तारेसारखाच. एका अक्षराच्या चुकीने या माणसाची सगळी कारागिरी पुसली जाऊन तिच्या जागी एक गुळगुळीत सुविचार आला असता.

त्याच वाक्यात दुसराही सापळा होता. काका ‘चाक आउट काढायला’ म्हणालेच नव्हते, ‘चाकाचा आउट काढायला’ म्हणाले होते. फिरताना चाक डाव्या-उजव्या बाजूला डुलते, त्या डुलण्याला सायकलवाले आउट म्हणतात. रिमपाशी असलेले स्पोकचे निपल कमी-जास्त आवळून चाक पुन्हा एका रेषेत आणले, की आउट निघाला. हा शब्द माहीत नसलेला लेखक ‘चाक बाहेर काढायला’ असे समजतो आणि वाचकालाही तसेच सांगतो. धंद्याचे शब्द ऐकताना न समजता पुढे गेले असतील, तर उताऱ्यात त्यांच्याभोवती गोल करून ठेवावा आणि काकांनाच विचारावे. अंदाजाने शब्द भरू नये. काही केल्या ऐकू येत नसेल, तर “[अस्पष्ट, 27:05]” असे लिहून ती जागा मोकळी सोडावी. अस्पष्ट शब्द अवतरणात घ्यायचा नाही, मग बाकीचे वाक्य कितीही सुंदर असो.

किती साफ करायचे

बोलणे जसेच्या तसे छापले, तर कोणीही वेडगळ दिसतो, प्राध्यापकही. म्हणून थोडी साफसफाई सगळेच करतात. वाद असतो तो ‘थोडी’ म्हणजे किती याचा. 14:20 पासूनचा उतारा असा आहे:

“नाही म्हणजे... वडलांनी टाकलं ना दुकान, एकाहत्तर, नाय, बाहत्तरला. दुष्काळ होता बघा. तेव्हा भाड्याच्या सायकली बारा, बारा का चौदा, चौदा असतील. चार आणे तास. आणि काय व्हायचं, पोरं घेऊन जायची न् तास संपला तरी यायचीच नाहीत. मग मी पाठीमागं पळायचो. मी तेव्हा, मी असेन आठवीत. तर त्या पळण्यात माझी आठवी गेली.”

हौशी लेखकाच्या हातून याचे असे होते: “वडिलांनी 1972 च्या भीषण दुष्काळात हे दुकान सुरू केले. त्या काळी आमच्याकडे भाड्याच्या चौदा सायकली होत्या. मुले वेळेवर सायकल परत करीत नसत. मला त्यांच्यामागे धावावे लागे आणि त्यामुळे माझे शिक्षण अर्धवट राहिले.” व्याकरण सुधारले, माणूस गेला. ‘भीषण’ त्याचा नाही. ‘चौदा’ आहे, पण त्याच्या मनातली शंका नाही. आणि ‘शिक्षण अर्धवट राहिले’ हे तर तो बोललाच नाही. तो आठवी गेल्याचे बोलला, तेही हसत.

गाळता येते ते असे: ‘म्हणजे’, ‘बघा’, ‘काय व्हायचं’ यांसारखे श्वास घ्यायला वापरलेले शब्द, आणि अर्धे सोडून पुन्हा सुरू केलेले वाक्य. ‘न्’ ऐवजी ‘आणि’ लिहिणे हा शब्दात नव्हे, तर लिपीत केलेला बदल आहे. आपला शब्द घालणे, त्याच्या शब्दाऐवजी प्रतिशब्द देणे आणि वाक्यांचा क्रम फिरवणे, हे करता येत नाही. अवतरणात नीट न बसणारा मजकूर निवेदनात घ्यायचा. सायकलींचा आकडा तसाच आहे. काकांना तो पक्का आठवत नाही, तेव्हा निवेदनात ‘बारा-चौदा सायकली’ लिहिले की सत्य राहते आणि वाक्यही मोकळे होते. मधला मोठा भाग गाळायचा असेल, तर अवतरण बंद करून दोन शब्द निवेदनाचे लिहावेत आणि पुन्हा उघडावे. तीन टिंबांपेक्षा ही रीत वाचकाला सुसह्य असते आणि प्रामाणिकही.

सांधेजोड हा साफसफाईचा सर्वांत धोक्याचा प्रकार. 09:40 ला काका म्हणाले, “भाड्याचा धंदा बसला, घरोघरी गाडी आली ना.” 33:10 ला मुलाविषयी बोलताना म्हणाले, “मी आहे तोवर मी.” ही दोन वाक्ये एका अवतरणात शेजारी ठेवली, की एक लढवय्या दुकानदार तयार होतो: “भाड्याचा धंदा बसला. पण मी आहे तोवर मी!” दोन्ही वाक्ये त्याचीच, रेकॉर्डिंगमध्ये दोन्ही सापडतात, आणि तरी हे त्याने कधीच म्हटलेले नाही. मधली तेवीस मिनिटे वाचकाला दिसत नाहीत. ‘पण’ कोणाचा, हेही दिसत नाही.

अशा बदलांवरून अमेरिकेत एक खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. जेफ्री मॅसन हे मनोविश्लेषक आणि जॅनेट माल्कम या लेखिका. माल्कमबाईंनी मॅसन यांच्याशी झालेले चाळीस तासांहून अधिक संभाषण ध्वनिमुद्रित केले होते, आणि 1983 मध्ये ‘न्यू यॉर्कर’ साप्ताहिकात त्यांच्यावर दीर्घ लेख लिहिला. त्यातली काही अवतरणे आपली नाहीत, असे म्हणून मॅसन न्यायालयात गेले. वादातली काही वाक्ये टेपवर नव्हती. ती हाताने टिपली होती, असे माल्कमबाईंचे म्हणणे. 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की बोलणाऱ्याचे शब्द जाणूनबुजून बदलले एवढ्यानेच मजकूर कायद्याच्या दृष्टीने खोटा ठरत नाही. बदलाने अर्थात महत्त्वाचा फरक पडला, तर ठरतो. हा बदनामीच्या कायद्याचा निकष झाला. संपादकाचा निकष याहून कडक असायला हवा, कारण न्यायालय शिक्षा टाळण्याची रेषा आखते आणि वाचक विश्वास ठेवून वाचतो.

‘नाय’, ‘वडलांनी’ आणि ‘मी’

बोलीचे काय करायचे, हा मराठीत नेहमी पडणारा प्रश्न. ‘केलं’, ‘असं’, ‘पाठीमागं’ ही रूपे अवतरणात ठेवण्यात अडचण काही नाही. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांतही पात्राच्या तोंडच्या भाषेत अशी अनुस्वारयुक्त रूपे चालतात. एरवी ‘केले’, ‘असे’ लिहायचे. त्यामुळे निवेदन एकारान्त आणि अवतरण अनुस्वाराचे, असे ठेवले की डोळ्यांनाच आवाज बदललेला कळतो. ‘वडलांनी’चे ‘वडिलांनी’ करायचे कारण नाही. ‘मशीन’चे ‘यंत्र’ तर मुळीच करू नये.

‘नाय’चा विचार मात्र थोडा थांबून करावा. भरभर बोलताना बँकेतला अधिकारीही ‘नाय’ म्हणतो, आणि त्याच्या मुलाखतीत तो आपोआप ‘नाही’ होतो. दुकानदाराच्या मुलाखतीत तोच उच्चार जसाच्या तसा राहतो, कारण तो ‘रंगतदार’ वाटतो. ही रंगत फुकटची असते आणि तिचा भार एकाच वर्गाच्या माणसांवर पडतो. शब्द आणि वाक्याची ठेवण बोलणाऱ्याची ठेवावी, गिळलेले उच्चार मात्र सर्वांचे सारखेच लिहावेत. ज्याची बोली खरोखर वेगळी आहे, मालवणी किंवा अहिराणी, तिथे प्रश्न निराळा. ती त्याची भाषाच आहे आणि ती बोलणाऱ्या कोणाकडून तरी तपासून मगच छापावी.

मराठीत अवतरणचिन्हे काळजीपूर्वक घालण्याला आणखी एक कारण आहे. आपल्याकडे अप्रत्यक्ष कथनातही ‘मी’ तसाच राहू शकतो. ‘मी दुकान विकणार नाही असे काका म्हणाले’ हे चिन्हांशिवाय लिहिलेले वाक्य पूर्ण शुद्ध आहे, आणि ते काकांचे नेमके शब्द आहेत की लेखकाने दिलेला सारांश, हे त्यावरून कळत नाही. म्हणून व्यक्तिचित्रात एकच शिस्त पाळावी. ‘मी’ आला तर अवतरणचिन्हांत आणि रेकॉर्डिंगप्रमाणेच. सारांश द्यायचा असेल तर तृतीय पुरुषात: दुकान विकण्याचा त्यांचा विचार नाही.

33:10 चा उतारा तर ‘मी’ने गजबजलेला आहे. विरामचिन्हांशिवाय तो असा ऐकू येतो: “मुलगा म्हणतो मी बघतो मी म्हणतो मी आहे तोवर मी पुढचं त्याचं त्यानं बघावं.” चार ‘मी’, आणि त्यातला पहिला मुलाचा. स्वल्पविराम कुठे पडतो, यावर बापलेकांचे सगळे नाते अवलंबून आहे. रेकॉर्डिंगमधला श्वास ऐकूनच तो घालता येतो: “मुलगा म्हणतो, ‘मी बघतो.’ मी म्हणतो, ‘मी आहे तोवर मी.’ पुढचं त्याचं त्यानं बघावं.” शेवटचे वाक्य काका मुलाला म्हणाले की मुलाखत घेणाऱ्याला, हे अजूनही स्पष्ट नाही. रेकॉर्डिंगमध्ये त्याआधी लांब विराम आहे आणि आवाज खाली आला आहे. म्हणून ते आतल्या अवतरणाच्या बाहेर ठेवले.

आठवीची गोष्ट

माणूस जसे बोलला तसे छापणे वेगळे आणि तो बोलला ते खरे असणे वेगळे. अवतरण अचूक असूनही त्यातला तपशील चुकीचा असू शकतो, आणि तो छापला की चूक मासिकाची होते.

साल तपासायला जुन्या माणसांच्या बोलण्यात सहसा खुणा असतात. पुण्याचा माणूस पानशेत म्हणाला की 1961, आणीबाणी म्हणाला की 1975. इथे दुष्काळाची खूण 1972 शी जुळते. दुकानाच्या भिंतीवर शॉप अ‍ॅक्टचे लायसन लावलेले असते, त्यावरचीही तारीख पाहून घ्यावी. मात्र दुकान आधी सुरू होऊन लायसन नंतर निघालेले असू शकते, एवढे लक्षात ठेवून.

साल जुळले, पण वय जुळेना. 2024 मध्ये 68 वर्षांचा माणूस 1972 मध्ये सोळा वर्षांचा असणार, आणि आठवीतले मूल तेरा-चौदाचे असते. वय चुकले, साल चुकले की इयत्ता? फोन करून विचारले, तेव्हा काका हसले: “तिसऱ्यांदा बसलो होतो ना आठवीला!” म्हणजे तिन्ही आकडे बरोबर होते. पण गोष्टीचा अर्थ बदलला. सायकलींमागे पळून शिक्षण बुडाले, ही हौशी लेखकाने काढलेली करुण कथा खोटी निघाली. दुकान निघण्याआधीच काका दोनदा नापास झाले होते. “त्या पळण्यात माझी आठवी गेली” हे वाक्य आता जसे होते तसे ऐकू येते: एका मिस्कील माणसाने स्वतःवर केलेला विनोद. फोनवरचे हे वाक्य रेकॉर्ड झालेले नाही. ते लगेच वहीत तारीख-वेळ घालून लिहावे, आणि शब्दांची खात्री नसेल तर निवेदनातच वापरावे.

आता मांडणी. दीडशे शब्दांच्या मर्यादेत चार-पाच अवतरणे बसतात, त्यामुळे माहिती देणारी वाक्ये त्यांत दवडू नयेत. दुकान कधी निघाले, भाडे काय होते, हे लेखकही सांगू शकतो. जे फक्त काकाच सांगू शकतात, त्यासाठी त्यांचे शब्द राखून ठेवावेत. वर तपासलेल्या मजकुरातून व्यक्तिचित्राचा एक तुकडा असा उभा राहतो:

चाक उलट्या सायकलवर फिरत असते आणि काका त्याच्याकडे बघतही नाहीत. “चाकाचा आउट काढायला मशीन नाही लागत, कान लागतो,” ते म्हणतात. “स्पोकवर टिचकी मारायची, आवाज सांगतो ढिली कुठली.” हे दुकान त्यांच्या वडिलांनी 1972 च्या दुष्काळात टाकले. भाड्याच्या बारा-चौदा सायकली होत्या आणि दर होता तासाला चार आणे. “पोरं घेऊन जायची आणि तास संपला तरी यायचीच नाहीत. मग मी पाठीमागं पळायचो.” काका तेव्हा आठवीला तिसऱ्यांदा बसले होते. “त्या पळण्यात माझी आठवी गेली.” भाड्याच्या सायकली पुढे बंद झाल्या. आता मुलगा दुकानात लक्ष घालायला तयार आहे. “मुलगा म्हणतो, ‘मी बघतो.’ मी म्हणतो, ‘मी आहे तोवर मी.’ पुढचं त्याचं त्यानं बघावं.”

या तुकड्यात 27:05 चा मजकूर 14:20 च्या आधी आला आहे. निवेदनात असा क्रम बदलता येतो, कारण प्रत्येक अवतरण स्वतंत्र आहे आणि मधल्या वाक्यांनी ती वेगळी ठेवली आहेत. आठवीचे वाक्य पळण्याच्या वाक्यापासून तोडून पुन्हा उघडले आहे, कारण मूळ बोलण्यात मध्ये आणखी काही होते.

छापण्याआधीचा फोन

पूर्ण लेख दुकानदाराकडे मंजुरीला पाठवण्याची प्रथा चांगली नव्हे. घरातले चौघे तो वाचतात आणि परत येतो तेव्हा त्याचे अभिनंदनपत्र झालेले असते. अवतरणे आणि तपशील फोनवर वाचून दाखवणे मात्र आवश्यक आहे. काका म्हणू शकतात, “ते ‘पोरं’ नको, ‘मुलं’ लिहा. बरं दिसत नाही.” अवतरणातला शब्द बदलून देणे सोपे आहे, पण मग ते अवतरण राहत नाही. ‘पोरं’ वाचणाऱ्याला खटकणार नाही, हे पटवून पाहावे. पटले नाही, तर ते वाक्य चिन्हांबाहेर काढून निवेदनात ‘मुले’ म्हणून सांगावे. आपण सांगितलेल्या गोष्टीचा अर्थच चुकीचा आला आहे, असे काका म्हणाले, तर रेकॉर्डिंग पुन्हा ऐकावे. तरीही दोन अर्थ निघत असतील, तर काकांचा अर्थ धरावा.

गप्पांच्या ओघात दुकानदार असेही काही बोलतो, जे त्याला नंतर महागात पडू शकते: उधारी थकवलेल्या गिऱ्हाइकाचे नाव, जागेच्या मालकाशी चाललेली कटकट, माल कुठून स्वस्त मिळतो ते ठिकाण. पुढाऱ्याने एकदा बोललेले मागे घेऊ दिले जात नाही, कारण तो पत्रकारांशी बोलायला सरावलेला असतो. दुकानदार आयुष्यात कदाचित पहिल्यांदाच मुलाखत देत असतो आणि समोर फोन ठेवलेला आहे, हे पाचव्या मिनिटाला विसरलेला असतो. सायकल दुरुस्तीच्या व्यक्तिचित्राला त्या गिऱ्हाइकाच्या नावाची गरज नाही. ते गाळावे, काकांनी सांगितले नाही तरी.

रेकॉर्डिंग, उतारा आणि फोनवरच्या टिपणांची वही अंक निघाल्यावरही जपून ठेवावी, फाइलच्या नावातच तारीख आणि दुकान घालून. माल्कमबाईंच्या बाजूने ज्यूरीचा निकाल 1994 मध्ये लागला. वादातली तीन वाक्ये ज्या वहीत होती, ती हरवलेली वही आपल्याला सापडल्याचे त्यांनी सांगितले ते 1995 मध्ये.